ब्रेकचा लिव्हर बोटांना ढकलतोय? डिस्क बदलण्याआधी ही दोन मोजमापं घ्या

पुढचा ब्रेक हळूच दाबला की लिव्हर बोटांखाली धडधडतो, गाडी थांबता थांबता ‘धक्‌-धक्‌’ करत थांबते. मेकॅनिककडे नेली की तो चाक फिरवून एक नजर टाकतो आणि म्हणतो, “डिस्क बेंड आहे, बदला.” आपण बदलतो. तीन-चार हजार किलोमीटर छान जातात आणि मग नवी डिस्कही तसंच करायला लागते. दुसऱ्यांदा डिस्क बदलून वैतागलेली माणसं मला इतकी भेटतात, की सगळं एकदा क्रमाने लिहून काढलेलं बरं.

चूक मोजमाप न करण्यात आहे, आणि मोजलं तर एकच गोष्ट मोजण्यात. दोन गोष्टी मोजायच्या असतात. पहिली डिस्कची जाडी, तीही एका जागी न मोजता सगळीकडे फिरून. दुसरी म्हणजे फिरताना डिस्क डावी-उजवीकडे किती डोलते ते, ज्याला मेकॅनिक ‘आउट’ म्हणतात आणि मॅन्युअलमध्ये ‘रनआउट’ असं छापलेलं असतं. मी इथे डोल म्हणेन.

यातला लिव्हरला कोण हलवतं, हे आधी समजून घ्या. १२५ ते २०० सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढे एकच डिस्क असते आणि कॅलिपर पिनांवर सरकणारा असतो, ज्याचे पिस्टन एकाच बाजूला असतात. असा कॅलिपर मोकळा सरकत असेल आणि डिस्क नुसती डोलत असेल, तर कॅलिपरही तिच्याबरोबर डावी-उजवीकडे डोलतो. दोन पॅडमधलं अंतर बदलत नाही, पिस्टन मागे ढकलला जात नाही, आणि लिव्हरला फारसं काही कळत नाही. लिव्हर ढकलला जातो तो डिस्कची जाडी कमी-जास्त असेल तेव्हा. जाड भाग पॅडमध्ये आला की पिस्टन मागे, तेल मागे, लिव्हर बाहेर. पातळ भाग आला की उलट.

हा फरक किती बारीक असतो बघा. मास्टर सिलिंडरचा पिस्टन १२.७ मिलिमीटर व्यासाचा आणि कॅलिपरमध्ये २५.४ मिलिमीटरचे दोन पिस्टन धरले, तर क्षेत्रफळाचं प्रमाण एकास आठ पडतं. लिव्हरची तरफ साधारण पाचपट धरा. म्हणजे पॅडपाशी झालेली हालचाल बोटांपाशी चाळीसपट होऊन येते. डिस्कच्या जाडीत ०.०५ मिलिमीटर फरक असेल, जो साध्या वहीच्या कागदापेक्षाही कमी आहे, तर लिव्हर २ मिलिमीटर मागे-पुढे होतो. हे डोळ्यांना दिसणं शक्य नाही. चाक फिरवून नजरेने जे दिसतं तो डोल असतो.

मग डोलाकडे दुर्लक्ष करायचं का? नाही, कारण जाडीतला फरक बहुतेक वेळा डोलच तयार करतो. ब्रेक न दाबता गाडी चालू असताना डोलणाऱ्या डिस्कचा बाहेर आलेला भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला घासून जातो. हजारो किलोमीटर तेवढाच भाग झिजत राहतो आणि पातळ होतो. म्हणून नवी डिस्क बसवल्यावर लगेच सगळं ठीक वाटतं आणि काही हजार किलोमीटरनंतर तेच दुखणं परत येतं. डोलाचं कारण चाकात तसंच बसलेलं असतं.

## टप्पा १ : आधी गाडी चालवून खात्री करा

मोकळ्या, सपाट रस्त्यावर ४० च्या वेगाने जा, थ्रॉटल सोडा आणि दोन बोटांनी पुढचा ब्रेक अगदी हलका धरून ठेवा. धडधड जाणवली की वेगाबरोबर ती कशी बदलते ते बघा. १७ इंची चाकाचा घेर साधारण १.९ मीटर असतो, म्हणजे ४० च्या वेगाला चाक सेकंदाला जवळपास सहा फेरे घेतं आणि १५ च्या वेगाला दोनच. डिस्कचं दुखणं असेल तर धडधड चाकाच्या फेऱ्याला बांधलेली असते. वेग उतरला की ठोके मोजता येण्याइतके संथ होतात.

इथे तीन गोष्टींची गल्लत होते. पहिली एबीएस. एबीएस लिव्हरला झटके देतं, पण जोरात ब्रेक मारल्यावर किंवा वाळूवर चाक घसरायला लागल्यावर, आणि ते झटके भराभर येतात. हलक्या ब्रेकला ते येत नाहीत. दुसरी गोष्ट हँडलमधला कोनसेट. तो ढिला असेल तर ब्रेक दाबताच हँडलमधून ‘टक्‌’ असा एकच धक्का येतो आणि पुढचा भाग थरथरतो, पण बोटांखालचा लिव्हर तालात ढकलला जात नाही. तिसरी गोष्ट, ब्रेक न दाबताही हँडल डोलत असेल तर रिम किंवा टायर बघा, डिस्क नव्हे.

पावसाळ्यात आणखी एक. गाडी चार दिवस भिजत उभी राहिली असेल तर पॅडखालच्या जागेवर गंजाचा पट्टा धरतो आणि प्रत्येक फेऱ्याला एकदा पकडतो. दहा-पंधरा किलोमीटर नीट ब्रेक वापरल्यावर तो गेला, तर पुढचं काही करू नका.

पडताळा : पुढचं चाक जमिनीवरून उचलून हाताने फिरवा आणि लिव्हर अगदी किंचित धरा. चाक प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडत असेल, तर त्या जागेसमोर टायरवर खडूने खूण करा. ही खूण पुढे कामाला येईल.

## टप्पा २ : तयारी

मोजमापाला दोन हत्यारं लागतात. ० ते २५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर, आणि ०.०१ मिलिमीटर दाखवणारा डायल गेज, त्याच्या मॅग्नेटिक स्टँडसकट. ही महागडी प्रयोगशाळेची हत्यारं नाहीत, कुठल्याही लेथ वर्कशॉपमध्ये सापडतील आणि ओळखीवर एका संध्याकाळपुरती मिळतीलही.

“व्हर्नियरने चालेल ना?” हा प्रश्न दर वेळी येतो. जाडी किमान मर्यादेच्या जवळ आलीय का, एवढंच बघायचं असेल तरच, तेही जपून. झिजलेल्या डिस्कच्या बाहेरच्या काठावर न झिजलेली कड राहते. व्हर्नियरचे लांब जबडे त्या कडेवर टेकतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतात. शिवाय आपण शोधतोय तो फरक ०.०३, ०.०५ मिलिमीटरचा. स्वस्त डिजिटल व्हर्नियर पडद्यावर शतांश दाखवतो, पण त्याची स्वतःची चूकच तेवढी असते.

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने पुढचं चाक उचला. जॅक सायलेंसरच्या पाइपवर टेकवू नका. मागचं चाक दोरीने किंवा विटेने अडवा, कारण कॅलिपर सोडवताना जोर लावला की गाडी पुढे सरकते.

मग कॅलिपर काढून घ्या. काही जण पॅड नुसते मागे दाबून मोजतात. त्याने चाक जरा मोकळं होतं, पण पॅड कुठेतरी टेकतच राहतो आणि डायलचं रीडिंग खोटं येतं. काढलेला कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, सुतळीने फोर्कला बांधून ठेवा.

सावध : कॅलिपर बाहेर असताना लिव्हरला हात लागला तर पिस्टन बाहेर येतात. दोन पॅडच्या मध्ये डिस्कएवढ्या जाडीचा लाकडाचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा अडकवा आणि लिव्हरवर फडकं गुंडाळून ठेवा, म्हणजे सवयीने दाबला जाणार नाही.

कॅलिपर हातात आहे तोवर दोन गोष्टी बघून घ्या. तो पिनांवर हाताने सहज सरकतो का, आणि दोन्ही पॅड सारखे झिजलेत का. पिना कोरड्या पडल्या असतील तर ब्रेक सोडल्यावर कॅलिपर परत सरकत नाही आणि पिस्टन नसलेल्या बाजूचा पॅड डिस्कला घासत राहतो. तोच पॅड जास्त खाल्लेला दिसतो.

डिस्क दोन्ही बाजूंनी ब्रेक क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पेट्रोल, रॉकेल किंवा चेनचा स्प्रे नको. मग मार्करने डिस्कच्या आतल्या भागावर, बोल्टांच्या जवळ, सारख्या अंतरावर १ ते ८ आकडे लिहा. खडूची खूण कुठल्या आकड्यासमोर येते ते वहीत नोंदवा.

## टप्पा ३ : चाकाचं बेअरिंग आणि डिस्कचे बोल्ट

हा टप्पा दोन मिनिटांचा आहे आणि सगळे तोच गाळतात. चाक वर-खाली धरून आडवं हलवा. ‘खट्‌’ लागत असेल तर बेअरिंग आधी बदला. ढिल्या बेअरिंगवर घेतलेलं डायलचं कुठलंच रीडिंग खरं नसतं. डिस्कचे बोल्टही पान्याने तपासा. एखादा ढिला सापडला तर कसून टाका आणि तसं वहीत लिहून ठेवा, कारण तोच गुन्हेगार असू शकतो.

## टप्पा ४ : जाडी, आठ ठिकाणी

मायक्रोमीटरचे दोन्ही जबडे पुसून बंद करा आणि शून्य येतं का बघा. ०.०२ दाखवत असेल तरी चालेल, ते प्रत्येक रीडिंगमधून वजा करा.

पॅड जिथे घासतो त्या पट्ट्याच्या मधोमध, भोकं टाळून, आकडा १ समोर जाडी घ्या. मायक्रोमीटर नेहमी टोकाच्या रॅचेटने फिरवायचा, तो दोन-तीनदा ‘कटकट’ वाजला की थांबायचं. नळी हातात धरून आवळलीत तर प्रत्येक वेळी वेगळा जोर लागतो आणि वेगळा आकडा येतो. मग २, ३ करत आठही ठिकाणी घ्या, काठापासून सारख्याच अंतरावर.

आता किमान जाडी. ती तुमच्या डिस्कवरच कोरलेली असते, ‘मिन टीएच’ या इंग्रजी अक्षरांपुढे. या वर्गातल्या पुष्कळ डिस्क नव्या असताना ४.० मिलिमीटरच्या आणि मर्यादा ३.५ ची अशी असते, पण दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला लावू नका, आपल्या डिस्कवरचा वाचा. आठांपैकी सर्वांत पातळ जागेचा आकडा या मर्यादेशी ताडायचा. सरासरी काढायची नाही.

दुसरी वजाबाकी म्हणजे सर्वांत जाड जागेतून सर्वांत पातळ जागा. लिव्हरच्या धडधडीचं उत्तर या वजाबाकीत असतं. दुचाकींच्या मॅन्युअलमध्ये याची मर्यादा सहसा छापलेली नसते, म्हणून माझा ठोकताळा सांगतो. ०.०२ पर्यंत चालतं, ०.०३ ला नाजूक हाताला कळायला लागतं आणि ०.०५ ला मागे बसलेलाही विचारतो.

पडताळा : आठही रीडिंग झाल्यावर परत १ वर या. पहिल्यापेक्षा ०.०१ हून जास्त फरक येत असेल तर हात अजून बसलेला नाही, सगळं पुन्हा घ्या.

एक गोष्ट मात्र निकाल देण्याआधी करायची. फरक डिस्कच्या झिजेचा आहे की वर चिकटलेल्या पॅडच्या थराचा, हे तपासा. खूप तापलेला ब्रेक दाबून धरून गाडी सिग्नलला उभी केली की पॅडचा माल तेवढ्या जागेवर चिकटतो. निळसर-काळा, पॅडच्या आकाराचा डाग दिसतो. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने ती जागा दोन्ही बाजूंनी घासा, पुसा आणि परत मोजा. आकडा खाली येऊन बाकीच्यांच्या बरोबरीला आला, तर डिस्क वाचली. पॅडचे तोंडही त्याच कागदाने हलके घासून परत जोडा आणि टप्पा ८ मधली रवानी द्या, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसतील.

## टप्पा ५ : डोल

फोर्कचा खालचा भाग अॅल्युमिनियमचा असतो, त्यावर चुंबक धरत नाही. इथे बरेच जण स्टँड जमिनीवर किंवा जॅकवर ठेवतात आणि गाडी जरा हलली की सगळं रीडिंग वाया जातं. सोपा उपाय असा : कॅलिपरच्या बोल्टांच्या भोकांवर त्याच बोल्टांनी एक जाड लोखंडी पट्टी कसा आणि चुंबक तिला चिकटवा. आता फोर्क, पट्टी आणि गेज एकजीव झाले.

गेजचं टोक डिस्कवर काटकोनात टेकवा, बाहेरच्या काठापासून चार-पाच मिलिमीटर आत. टोक साधारण १ मिलिमीटर आत दाबलं जाईल इतकं पुढे घ्या, म्हणजे काटा दोन्ही दिशांना हलू शकेल. आकडा १ समोर आणून डायल शून्यावर फिरवा.

भोकांची डिस्क असेल तर टोक भोकात पडतं आणि काटा उडी मारतो. पाकळ्यांसारखा कापलेला काठ असेल तर तीच कथा. त्यामुळे सलग फिरवत बसू नका. प्रत्येक आकड्यापाशी चाक थांबवायचं, मध्ये टोक बोटाने उचलून धरायचं आणि नेमक्या जागी हलकेच सोडायचं. चाक टायरला धरून फिरवा, डिस्कला धरून नव्हे, आणि वाचताना हात काढून घ्या.

सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान रीडिंगमधलं अंतर म्हणजे एकूण डोल. मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. बऱ्याच गाड्यांना ०.३० मिलिमीटर दिलेली असते, काहींना ०.१० ते ०.१५ इतकी कडक.

आकड्यापेक्षा जास्त बोलकी असते त्याची चाल, म्हणून आठही रीडिंग लिहा. हळूहळू चढत जाऊन समोरासमोरच्या जागी सर्वांत जास्त, आणि तसंच हळूहळू उतरत परत शून्य, अशी एकच लाट असेल तर डिस्क सपाट आहे, ती तिरकी बसलेली आहे. दोष बैठकीत शोधा. सहा जागा ठीक आणि एक-दोन ठिकाणी अचानक उडी असेल, तर डिस्क तिथे वाकली आहे. डिस्क लॉक तसंच ठेवून गाडी पुढे घेतली, किंवा पंक्चर काढताना चाक डिस्कची बाजू खाली ठेवून वर पाय दिला, की असं होतं. (पंक्चरवाल्याला चाक देताना डिस्कची बाजू वर ठेवायला सांगा. तो हसेल, हसू दे.) एका फेऱ्यात दोनदा वर आणि दोनदा खाली, तळलेल्या पापडासारखी चाल असेल तर ती उष्णतेने पिळवटली आहे.

सावध : तुमच्या गाडीची डिस्क आतल्या चकतीला गोल बटणांनी जोडलेली असेल तर तिला मुळातच थोडा सैलपणा असतो. मोजताना ती दर वेळी एकाच बाजूला हलकी रेटून धरा, नाहीतर तुम्ही बटणांची ढिलाई मोजाल.

## टप्पा ६ : डोल जास्त निघाला तर डिस्क काढून बैठक बघा

चाक उतरवा आणि डिस्कची बाजू वर ठेवून दोन लाकडी पट्ट्यांवर आडवं ठेवा. डिस्क आणि हब यांच्यावर समोरासमोर एक रेघ मारा, म्हणजे डिस्क कशी बसली होती ते कळेल. बोल्टांना कारखान्यातून गोंद लावलेला असतो. एलन की पूर्ण खोल बसवा, हातोडीने एक टोला द्या आणि मगच फिरवा. हलत नसेल तर बोल्टाचं डोकं हॉट एअर गनने तापवा. खाच गोल झाली की पुढचा दिवस ड्रिल करण्यात जातो. एबीएसची दातेरी चकती त्याच बोल्टांवर असेल तर ती जपून बाजूला ठेवा, वाकली तर मीटरवर एबीएसचा दिवा लागेल.

आता हबची बैठक आणि डिस्कची आतली कड स्वच्छ करा. गंज, जुन्या गोंदाचे कण, आणि हल्ली सर्वांत जास्त सापडतो तो रंग. अलॉयला पावडर कोटिंग करताना डिस्कची बैठक झाकली नाही की तिथे रंगाचा थर बसतो, आणि तो सगळीकडे सारखा कधीच नसतो. धारदार पात्याने खरवडा, धातू खाऊ नका. नंतर बैठकीवर लोखंडी पट्टी आडवी-उभी ठेवून खालून उजेड दिसतो का बघा.

बोल्टांची आटी साफ करून, निळा थ्रेडलॉकर लावून डिस्क परत बसवा आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कने कसा. मॅन्युअल नवेच बोल्ट वापरा म्हणत असेल तर शेवटच्या जोडणीला ते घ्या. फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तो बघा. मग डोल पुन्हा मोजा.

तरीही डोल तसाच असेल तर डिस्क एक बोल्ट पुढे फिरवून बसवा. सर्वांत उंच जागा डिस्कवरच्या आकड्याबरोबर सरकली तर डिस्क वाकडी. ती हबच्या जुन्याच जागी राहिली तर हब वाकडा, आणि मग नवी डिस्क आणणं म्हणजे पैसे फुकट घालवणं.

## एक खरी गाडी, आकड्यांसकट

मावसभावाची १५० सीसी, चाळीस हजारच्या आसपास चाललेली. अलॉयला काळा रंग मारून घेतल्याला दीड वर्ष झालेलं. धडधड सुरू झाल्याला चार महिने, आणि दोन ठिकाणी ‘डिस्क बेंड’ असं ऐकून आलेला. डिस्कवर मर्यादा ३.५ कोरलेली. रीडिंग अशी आली :

| जागा | जाडी, मिमी | डोल, मिमी |
|---|---|---|
| १ | ३.८६ | ० |
| २ | ३.८६ | ०.०६ |
| ३ | ३.८५ | ०.१८ |
| ४ | ३.८३ | ०.२९ |
| ५ | ३.८१ | ०.३४ |
| ६ | ३.८२ | ०.२८ |
| ७ | ३.८४ | ०.१६ |
| ८ | ३.८६ | ०.०५ |

डोल ०.३४, त्याच्या मॅन्युअलच्या ०.३० च्या वर. पण चाल बघा, एकच गुळगुळीत लाट. डिस्क वाकलेली नव्हती, तिरकी होती. आणि जिथे ती सर्वांत जास्त बाहेर आली होती, त्याच ५ नंबरवर ती सर्वांत पातळ होती. कॅलिपरच्या पिना कोरड्या, बाहेरचा पॅड आतल्याच्या जवळपास निम्मा. बाहेरचा पॅड डिस्कपासून सुटत नव्हता आणि दर फेऱ्याला ५ नंबरला चाटून जात होता.

डिस्क उतरवली. ५ नंबरच्या बाजूला बैठकीवर रंगाचा फुगवटा होता. बोल्टांचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं आणि आपण मोजतोय ते २४० मिलिमीटरच्या वर्तुळावर, त्यामुळे काठावरचा ०.३४ चा डोल बैठकीवर फक्त ०.१४ मिलिमीटरचा अडथळा होता. रंगाचा एक जाड थर, बस. तो खरवडून डिस्क परत बसवली आणि डोल ०.०७ वर आला.

भाऊ म्हणाला, “झालं की मग! जाडी मर्यादेच्या वर, डोल मर्यादेच्या आत. डिस्क का बदलायची?”

कारण ३.८६ वजा ३.८१ हे ०.०५ अजून तसंच होतं. पॉलिश पेपरने घासूनही आकडे हलले नव्हते, म्हणजे चिकटलेला थर नव्हता, ती झीज होती. त्याचा विश्वास बसेना म्हणून तशीच जोडून चक्कर मारायला दिली. धडधड होती तेवढीच. डिस्क बदलली, पण रंग काढल्यानंतर.

## टप्पा ७ : ठेवायची की बदलायची

या क्रमाने विचारा. सर्वांत पातळ जागा कोरलेल्या मर्यादेला पोचली किंवा खाली गेली असेल, तर बाकी काही बघू नका, बदला. मर्यादेच्या वर पण ०.१ च्या आत असेल, तरी नवे पॅड या डिस्कवर घालू नका. ते अर्धे होण्याआधीच डिस्क संपेल.

मग भेग. भोकांच्या काठांपासून निघालेली बारीक रेष नखाला लागते का बघा. भोकापासून डिस्कच्या काठापर्यंत किंवा एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत गेलेली भेग असेल तर गाडी चालवत दुकानात नेऊ नका, डिस्क घरी मागवा.

मग जाडीतला फरक. घासूनही तो ०.०३ च्या वर राहत असेल आणि लिव्हरला कळत असेल, तर बदला. फरक ०.०२ च्या आत, डोल बैठक साफ केल्यावर मर्यादेत, तर तीच डिस्क ठेवा आणि पिनांना ग्रीस करा. फरक नाही पण डोल मर्यादेबाहेर आणि तो डिस्कबरोबर फिरतो, तरीही बदला. आज लिव्हर गप्प असेल, पण घासणं सुरू झालेलं असतं.

लेथवर फेसिंग करून देणारे भेटतील. कारच्या जाड डिस्कला ते चालतं. आपल्याकडे नव्या डिस्कपासून मर्यादेपर्यंत एकूण अर्धा मिलिमीटर असतो, त्यातला काही झिजलेला असतो आणि पातळ चकती चकमध्ये पकडतानाच ताणली जाते. लेथवर सरळ झालेली डिस्क सोडल्यावर पुन्हा पिळते. ठोकून सरळ करणाऱ्याकडे तर वळूही नका. त्याने डोल कमी झालेला दिसतो, पण पहिल्या घाटात तापली की ती परत आपल्या आकाराला जाते.

## टप्पा ८ : नवी डिस्क बसवताना

नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा हात असतो. तो ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा. बसवून कसल्यावर, कॅलिपर घालण्याआधी, डायल गेज पुन्हा लावा. ही पायरी गाळली तर आतापर्यंतची सगळी मेहनत अंदाजावर सोडल्यासारखं होईल. डोल मर्यादेच्या निम्म्याच्या आत यायला हवा, नाहीतर डिस्क उतरवून बैठक परत बघा.

पॅड नवेच घाला. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या चऱ्या उमटलेल्या असतात. कॅलिपरच्या पिना काढून पुसा आणि ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल एवढं लावा. साधं ग्रीस रबरी टोप्या फुगवतं आणि पिना पुन्हा अडकतात. पिस्टन आत ढकलण्याआधी मास्टर सिलिंडरच्या डबीत तेल किती आहे ते बघा, भरलेली असेल तर ते उतू जाऊन टाकीचा रंग खाईल.

सावध : जोडणी झाल्यावर गाडी जागची हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे गेलेले असतात, पहिले चार-पाच दाब पोकळ जातात. ही गोष्ट गेटबाहेरच्या उतारावर कळू नये.

मग रवानी. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, परत वेग घ्या. असं आठ-दहा वेळा. त्यानंतर ब्रेक न लावता दोन-तीन किलोमीटर चालवून डिस्क निवू द्या. तापलेल्या डिस्कवर ब्रेक धरून उभं राहिलात तर पॅडचा ठसा तिथेच उमटतो, आणि तापलेली असताना पाण्याचा पाइप मारला तर पिळते. पहिले दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारायची वेळ येऊ नये इतकं अंतर राखा.

पाचशे किलोमीटर झाल्यावर मायक्रोमीटरने एकदा आठ जागा परत मोजा, त्याला कॅलिपर काढावा लागत नाही. चाक हाताने फिरवत, कॅलिपरच्या बाहेर आलेल्या भागावर घेतलं की दहा मिनिटांत होतं. भावाच्या गाडीवर सर्वांत जाड जागा ३.९९ आली, सर्वांत पातळ ३.९८.